दोनची कूस

गेल्या पावसाळ्यात मला ताप आला होता. साधाच, अंग मोडून आणणारा, आषाढात घरोघरी असतो तसा. रात्री दोन वाजता नवरा दारावर दोन टिचक्या मारून मला उठवतो आणि मी माझ्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या खोलीत जाते, हा आमचा ठरलेला क्रम. त्या रात्री त्याने दोनला उठवलंच नाही, चारला उठवलं. तो आडवा झाला, मी शाल गुंडाळून अण्णांच्या खोलीत गेले आणि सवयीने आधी वही उघडली. त्याचं अक्षर बारीक आणि उभट आहे. '१०.०० कूस डावी. १०.३० पाणी अर्धा कप, ठसका नाही. १२.०० कूस उजवी. १२.१५ लघवी, थोडीच. २.०० कूस डावी, टाचा ठीक. तुझा ताप उतरला का?'

मी पेन घेऊन खाली लिहिलं, 'उतरला. ४.०० कूस उजवी.'

मग बाहेरच्या पावसाचा आवाज ऐकत बसले आणि ती ओळ परत परत वाचली. बरं वाटलं होतं आणि घशाशी काहीतरी दाटूनही आलं होतं. विचारणारा माणूस भिंतीपलीकडे होता. आम्ही एका घरात, एका ताटाच्या अंतरावर राहत होतो आणि त्याला माझ्या तापाची चौकशी सासऱ्यांच्या लघवीच्या नोंदीखाली करावी लागली होती. बोलायला दुसरी जागा उरली नव्हती, हे त्यालाही कळलं असणार. नाहीतर त्याने लिहिलंच नसतं.

ही वही त्याचीच कल्पना. तो कुंडईच्या एका कारखान्यात आहे. तिथे एक पाळी सुटताना दुसऱ्या पाळीला लेखी हँडओव्हर द्यावाच लागतो, कुठलं यंत्र कुरकुरतंय, कुठला वॉल्व्ह अर्धा उघडा ठेवलाय, सगळं. अण्णांना पार्किन्सन्स होऊन बरीच वर्षं झाली होती. पण रात्री स्वतःहून कूस बदलणं थांबलं तेव्हापासून घरात पाळ्या लागल्या आणि पाळ्यांबरोबर वही आली. ती हवीच होती. या आजारात घड्याळ हेच औषध असतं. लेव्होडोपाची गोळी पोटात गेली की अर्ध्या-पाऊण तासाने अंग मोकळं होतं, तीन-साडेतीन तास माणूस आपला असतो, मग हळूहळू बोटं, मान, पापण्या, आवाज सगळं आवळत जातं. सहाची गोळी साडेसहाला दिली तर नुसता अर्धा तास चुकत नाही. त्या अर्ध्या तासात अंघोळ असली तर अंघोळ चुकते, आणि तिच्यामागून सगळी सकाळ.

त्यात जेवण. अण्णा म्हणजे पक्के मासेखाऊ. हुमण-शीत, म्हणजे माशांची आमटी-भात, आणि वर तळलेली एखादी तुकडी नसली तर त्यांच्या लेखी ते जेवणच नव्हे. पण माशातलं किंवा डाळीतलं प्रथिन आणि ही गोळी आतड्यातून रक्तात शिरताना एकाच वाटेवर येतात, आणि वाट अरुंद. जेवणावर गोळी दिली की गोळी मागे राहते, दुपारभर अण्णा खुर्चीत पुतळ्यासारखे. मासे बंद करा असं कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी केले नसते. आम्ही वेळा हलवल्या. दहाची गोळी, बरोबर बाराला जेवण, आणि दोनची गोळी पोट हलकं झाल्यावर. त्यासाठी दिवसा येणाऱ्या मावशींना बाराच्या ठोक्याला ताट वाढावं लागतं, काटे आदल्या रात्री मी काढून ठेवते, आणि ते झालं की नाही हे मी शाळेतून आल्यावर वहीत बघते.

कामाच्या वाटणीचं म्हणाल तर आमच्या घरात त्यावरून कधी भांडण झालं नाही. गोव्यात लग्नाच्या सह्या केल्या आणि आधी वेगळा करार केलेला नसला की मालमत्ता कायद्यानेच निम्मी-निम्मी होते. घर निम्मं माझं, मग त्या घरातल्या माणसाचं करणंही निम्मं माझं, असं मी धरून चालले होते. पण म्हाताऱ्या माणसाचं शरीर असं मधोमध वाटता येत नाही. अण्णांना सुनेच्या हातून अंघोळ नको होती. मी युरिन पॉट हातात घेतला की ते भिंतीकडे बघायचे आणि अडकलेली लघवी आणखी अडकायची. त्यांची ती लाज आजाराने नेली नव्हती, आणि मला ती जपावीशी वाटली. म्हणून अंघोळ, पॉट, सकाळचं कमोड चेअरवर बसवणं हे सगळं नवऱ्याकडे गेलं. गोळ्या, खाणं, त्वचेवर नजर, डॉक्टरांशी बोलणं माझ्याकडे आलं. रात्र तेवढी निम्मी करता आली, दोन वाजता.

कूस बदलणं बोलायला सोपं आहे. रात्री गोळीचा अंमल ओसरलेला असतो, अंग लाकडासारखं ताठ होतं. अशा माणसाला हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळू शकतो. आधी लांबचा गुडघा वाकवायचा, मग एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि ओंडका वळावा तसं सगळं अंग एकदम वळवायचं. कापसाच्या चादरीवर ते घासतं, कातडी ताणली जाते. आम्हाला एका फिजिओथेरपिस्टने सॅटिनचा तुकडा कमरेखाली घालायला सांगितला होता. नवऱ्याने कपाट उघडून त्याच्या आईची एक जुनी रेशमी साडी काढली. मी काही बोलले नाही. त्यानेच ती मधून कापली, जर टोचू नये म्हणून दोन्ही काठ उसवून काढले, आणि एकच थर पसरला. घडी घालायची नाही, कारण एअर बेडवर जाड थर चढवले की खालच्या हवेचा उपयोग कमी होतो. त्या रेशमावर अण्णा सहज सरकायला लागले. पहिल्या रात्री त्यांनी बोटांनी ते कापड चाचपलं, बराच वेळ चाचपत राहिले. साडी ओळखली असावी. विचारलं मात्र नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही.

वळवून झालं की टॉर्च घेऊन बघायचं. माकडहाड, नितंबांची दोन्ही हाडं, घोटे, टाचा. लालसर दिसलं तर बोटाने दाबून सोडायचं. दाबल्यावर पांढुरकं पडून परत लाल झालं तर रक्त फिरतंय. दाबूनही लाल ते लालच राहिलं तर तिथे बेडसोअरची सुरुवात आहे, मग त्या बाजूवर अजिबात भार नको. अण्णा सावळे आहेत, त्यांच्या अंगावर लाली सहज दिसत नाही. म्हणून मी हाताच्या पाठीने जागा लावून बघते, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते का. टाचांना तर कशाचाच स्पर्श नको, पोटरीखाली उशी देऊन त्या अधांतरी ठेवायच्या. आणि आमच्याकडे पावसाची पहिली मोठी सर आली की वीज जाते. एअर बेडचा पंप बंद पडला की हवा निघून जाते, माणूस फळीवर येतो. त्यामुळे इन्व्हर्टरवर आधी पंप, मग पंखा. पंखा नसलेल्या त्या रात्री मी अण्णांना वारा घालत बसायची आणि शेजारच्या खोलीत नवरा घामाने भिजून गाढ झोपलेला असायचा.

तर अशी सगळी व्यवस्था लागली. बाहेरच्यांनी कौतुक करावं अशी लागली. आणि ती जितकी चोख होत गेली तितके आम्ही दोघं एकमेकांना दिसेनासे झालो.

हे कोणी सांगत नाही. सगळे म्हणतात, एकीवर टाकू नका, वाटून घ्या. बरोबरच आहे. एकटीवर पडलेल्या बायका मी माझ्या शाळेत पाहिल्या आहेत, त्यांचे खांदे बघून कळतं. पण वाटून घेणं म्हणजे व्यवहारात काय, तर तू जागा असशील तेव्हा मी झोपेन. तू घरात असशील तेव्हा मी बाजारात जाईन. पाळी म्हणजेच आळीपाळी. दोन माणसांनी एका वेळी एका जागी असायचं नाही हाच तिचा अर्थ. रात्री दोनला मी उठायची आणि तो माझ्याच जागेवर आडवा व्हायचा. माझ्या उबेचं अंथरूण त्याला मिळायचं, आणि त्या काळात आमच्यातली जवळीक म्हणजे तेवढीच होती. सकाळी सहाला गोळी, साडेसहाला पाववाल्या पोदेराचा भोंगा, सातला पेज, आठला मावशी, मी शाळेत, तो कारखान्यात. संध्याकाळी दोघं घरी असलो तरी एक अण्णांच्या खोलीत, एक चुलीशी. बोलणं व्हायचं ते सगळं नोंदीचं. 'झाली?' 'झाली.' 'किती?' 'थोडीच.' राग नव्हता, अबोला नव्हता. भांडलो असतो तर निदान समोरासमोर बसलो असतो.

त्या तापाच्या ओळीनंतर मी त्याला म्हटलं, दहाची कूस दोघांनी करू.

तो म्हणाला, मी एकटा करू शकतो की, रेशमावर सरकतात ते. मी म्हटलं, माहीत आहे. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि हो म्हणाला. कामाच्या हिशेबाने तो वेळ वायाच होता. एकाने होणाऱ्या कामाला दोन माणसं, आणि तीसुद्धा झोपेची पंधरा मिनिटं घालवून. पण त्या वेळेला पलंगाच्या एका बाजूला तो आणि एका बाजूला मी असतो, रेशमाची दोन टोकं दोघांच्या मुठीत. अण्णा स्वतः मोजतात, बारीक आवाजात, 'एक, दोन, तीन', आणि तीनला आम्ही एकदम उचलतो. दोघांनी धरलं की अंग घासतच नाही, वर उचललं जातं, त्यामुळे त्यांच्यासाठीही ते बरंच. मग मी टाचा बघते, तो पाठीला खोबरेल लावतो, पण लाल दिसलेल्या जागेवर चोळायचं नाही हे त्याला सारखं सांगावं लागतं. अण्णांना त्या वेळी घरात दोन माणसांच्या बोलण्याचा आवाज लागतो. ते ऐकत झोपतात.

दुसरी वेळ संध्याकाळची मिळाली, आणि ती दिरामुळे मिळाली. तो मस्कतला असतो. चवथीला सगळे जमले होते. गणपतीवरची माटोळी बांधून झाल्यावर ओसरीवर बसलेलो असताना तो नेहमीसारखं म्हणाला, पैशांचं मी बघतो, काळजी करू नका. नवरा म्हणाला, पैसे तू देतोसच; मला रोज अर्धा तास दे. दिराला कळेना. मग ठरलं की सहाची गोळी लागू पडली की पावणेसातला त्याने व्हिडिओ कॉल करायचा आणि सव्वासातपर्यंत अण्णांशी बोलायचं, रोज, सुट्टी नाही. मी मोबाइल उशीला टेकवून ठेवते आणि खोलीतून बाहेर येते. सुरुवातीला दोघांना बोलायला विषय सुचेनात. एकदा त्याने जत्रेतल्या नाटकांची आठवण काढली. आमच्या देवळात उत्सवाला मराठी नाटक व्हायचं, अजूनही होतं, आणि अण्णा उमेदीत अनेक वर्षं प्रॉम्प्टर होते. या आजारात आवाज खोल जातो. माणसाला वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय, आणि समोरच्याला काही ऐकू येत नाही. पण पल्लेदार संवाद म्हणायचा म्हटलं की अण्णा छाती भरून घेतात आणि आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. स्पीच थेरपीतही मोठ्याने, जाणूनबुजून जोर लावून बोलायलाच शिकवतात. मुलगा मस्कतहून दुसऱ्या पात्राचं वाक्य टाकतो आणि वडील इकडून उत्तर देतात. तो अर्धा तास अण्णांचा, दिराचा, आणि माझ्यामते सगळ्यात जास्त आमचा. आम्ही मागच्या दारी पायरीवर चहा घेऊन बसतो.

त्या पायरीवरच्या एका संध्याकाळी जे झालं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. अण्णा त्या आठवड्यात बिघडले होते. संध्याकाळ झाली की त्यांना कोपऱ्यात मुलं दिसायची. भास तसे आधीही व्हायचे, पण तेव्हाची मुलं गप्प बसलेली असायची आणि अण्णांना त्यांची भीती नव्हती. त्यांना 'तिथे कोणी नाही' म्हणून वाद घालायचा नाही, मोठा दिवा लावायचा, हात धरायचा, एवढ्यावर भागायचं. या वेळी मुलं पलंगावर चढत होती. अण्णा हात झाडत होते आणि दुपारी त्यांनी मला ओळखलं नाही. हे सगळं माझ्या पाळीत. मला वाटलं, आजार पुढच्या पायरीवर गेला. मी ते नवऱ्याला सांगत होते आणि सांगताना रडत होते. तो ऐकत होता, मग एकदम म्हणाला, 'रात्री सारखा पॉट मागतात, आणि होते दोन चमचे. वासही उग्र येतोय.' हे त्याच्या पाळीत. वहीत ते लिहिलेलं होतं, 'लघवी थोडीच', 'लघवी थोडीच', पण वास लिहिलेला नव्हता, आणि वारंवार मागणं चार नोंदींत विखुरलं होतं. माझं 'मुलं दिसली' आणि त्याचं 'थोडीच' एका पानावर होतं आणि तरी एकत्र आलं नव्हतं. पायरीवर ते शेजारी शेजारी बसलं.

म्हाताऱ्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं तर ताप येईलच असं नाही, जळजळ सांगेलच असं नाही. कित्येकदा ते डोक्यातूनच बाहेर येतं. दोन-चार दिवसांत एकदम वाढलेला गोंधळ हा पार्किन्सन्सचा स्वभाव नाही. तो आजार महिन्यांनी आणि वर्षांनी सरकतो. म्हणून असं एकदम काही झालं की आधी लघवी बघायची, पोट साफ आहे का बघायचं, नवीन गोळी कुठली सुरू झाली का बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ बाटलीत नमुना दिला, रूटीन आणि कल्चर दोन्ही. इन्फेक्शन निघालं. अँटिबायोटिक सुरू झालं आणि आठवड्याच्या आत मुलं पलंगावरून उतरून कोपऱ्यात गेली, मग तीही विरळ झाली. अण्णा मला म्हणाले, 'तूं आयली?' जणू मी कुठे गावाला गेले होते.

तेव्हापासून चहाच्या पायरीला मी विश्रांती म्हणत नाही. आजारी माणसाचा अर्धा भाग एकाने पाहिलेला असतो, अर्धा दुसऱ्याने. ते दोघं निवांत बसून बोलले नाहीत तर पूर्ण माणूस कोणालाच दिसत नाही. वही लागते, पण वहीत आपण तेवढंच लिहितो जे लिहायचं आधीच ठरलंय. वास, नजर, आज त्यांनी हात जरा जास्त घट्ट धरला होता, हे बोलताना येतं, आणि तेसुद्धा आधी इकडचं तिकडचं काही बोलून झाल्यावर.

अर्थात पायरीवर आम्ही अण्णांखेरीज काही बोलतच नव्हतो. नणंद मडगावला असते. तिने महिन्यातला एक शनिवार-रविवार स्वतःकडे घेतला, रात्रीसकट. तिला आधी सगळं शिकवावं लागलं. दारापाशी अण्णांचे पाय जमिनीला चिकटतात तेव्हा ओढायचं नाही, कारण पाय चिकटलेले आणि धड पुढे, म्हणजे पडणार. थांबायचं, लाल कोब्यावर उंबरठ्याच्या आधी मी पांढऱ्या टेपच्या आडव्या रेघा चिकटवल्या आहेत, तिथे नजर लावायला सांगायचं आणि 'रेघ ओलांडा' म्हणायचं. पाय उचलला जातो. नाहीच जमलं तर भजनातल्या टाळाच्या ठेक्यावर टाळ्या वाजवायच्या. पलंगावरून उठवताना कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसवायचं, एकदम उभं केलं की रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. नणंद पहिल्या वेळी दर तासाला फोन करत होती. दुसऱ्या वेळी आम्हीच तिला फोन करत होतो. त्या वेळी फोनमध्ये मागून अण्णा ओरडले, नाटकातल्या आवाजात, 'वचात रे दोगांय! हांव आयज मरना!'

मग गेलो. लांब कुठे नाही, फोंड्याला, बाजारातल्या एका जुन्या हॉटेलात, पातळभाजी आणि पाव खायला. ठरवून गेलो होतो की अण्णांचा विषय काढायचा नाही. पाव आला, भाजी आली, आणि आम्हाला बोलायला काहीच सुचेना. ती शांतता मला भीतीदायक वाटली. इतक्या वर्षांचा संसार आणि त्यातून एक पलंग बाजूला काढला तर खाली काही उरलं नाही की काय? त्याने माझ्या ताटातली मिरची उचलली, तो नेहमी उचलतो. मी विचारलं, कारखान्यात काय चाललंय. त्याने एका नव्या पोराबद्दल सांगितलं, जो पंपाचा आवाज ऐकून सांगतो की बेअरिंग जाणार आहे, आणि सांगताना त्याचे डोळे चमकले. मी कित्येक दिवसांत ते डोळे चमकलेले बघितले नव्हते. येताना तो म्हार्दोळला थांबला आणि जाईची फुलं घेतली. मी ती केसांत माळली नाही, ओंजळीत धरून बसले स्कूटरवर. घरी पोचेपर्यंत मी त्याच्या पाठीला टेकले होते आणि झोप आली होती.

सगळं असं निवळलेलं असतं असंही नाही. चारच्या कुशीला कधी कधी मनात येतं की हे किती दिवस, आणि त्याच क्षणी अण्णांचा हात माझ्या मनगटाला लागतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मलाही येतं, दीडच्या सुमाराला. स्वतःच्या बापाबद्दल त्याने ते मला सांगितलं. आमच्यात यापेक्षा जवळचं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. आणि जवळ येण्याची इच्छा, नवराबायकोची, तीही थकव्याखाली पूर्ण गेलेली नसते. फक्त तिला वेळ रात्रीची मिळत नाही. नणंदेच्या शनिवारी दुपारी दार लावून घ्यायला आम्ही पहिल्यांदा संकोचलो होतो. आता नाही.

अण्णांचं गिळणं हल्ली मंदावलंय. पाण्याने ठसका लागतो, पेजेने लागत नाही; पातळ पदार्थ घशात लवकर उतरतो आणि त्यांचा घसा तेवढ्या लवकर मिटत नाही. घोट घेतल्यावर आवाज ओलसर, गुळगुळीत आला तर समजायचं की थोडं चुकीच्या वाटेला गेलं. तेव्हा पुढचा घास थांबवायचा, खोकू द्यायचं. सरळ बसवून, हनुवटी जरा खाली, छोटा चमचा, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. डॉक्टरांनी नळीचा विषय एकदा काढून ठेवलाय. आम्ही तो पायरीवर बोललो, मग दिराला कॉलवर घेऊन बोललो, मग नणंदेला बोलावून अण्णांसमोर बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, 'हुमण नळयेंतल्यान वचता?' नाही म्हटलं. 'मागीर नाका.' तेही वहीत लिहिलं आहे, तारीख घालून, चौघांच्या देखत. वेळ येईल तेव्हा पुन्हा बोलावं लागेलच.

सध्या दुसराच प्रश्न आहे. पुढच्या महिन्यापासून नवऱ्याची पहिली पाळी, कारखान्याची बस पहाटे सव्वापाचला नाक्यावर. म्हणजे त्याला दोनपर्यंत जागता येणार नाही. दोनची कूस माझ्याकडे येईल, बाराचीही. त्याबदल्यात तो अडीचला घरी येईल, तेव्हा दुपार सगळी त्याची, आणि मी शाळेतून येऊन दोनची गोळी दिली की सरळ झोपायचं असं तो म्हणतोय. एअर बेडवर त्वचा चांगली राहिली तर बारा आणि चारच्या मध्ये एक कूस गाळता येईल का, हे नर्सला विचारायचं आहे. दहाची मात्र दोघांचीच राहील. त्याला पावणेदहालाच झोप येईल म्हणून आम्ही ती साडेनऊला आणतोय.